व्हाइटबोर्डचा फोटो गेला, तर ठरलेली कामं, नावं आणि तारखा पुन्हा कशा उभ्या करायच्या?

प्रश्न: सोमवारी कारखान्याच्या शटडाउनची नियोजन मीटिंग झाली. सगळं व्हाइटबोर्डवर लिहिलं होतं: कामं, कोण करणार, कधीपर्यंत. शेवटी मी फोटो काढला, पण तो फोनमधून गेला आणि बोर्डही पुसला गेला. मीटिंगला सात जण होते. परत सगळ्यांना एकत्र बसवणं शक्य नाही. जे ठरलं होतं ते नीट यादीच्या रूपात पुन्हा कसं लिहून काढू? आणि सगळ्यांना पुन्हा विचारलं तर बरं दिसेल का?

उत्तर:

आधी फोटो शोधायला अर्धा तास द्या, त्याहून जास्त नको. गूगल फोटोजमध्ये डिलीट झालेला फोटो बिनमध्ये राहतो: बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस, नसेल तर ३० दिवस. आयफोनवर `Recently Deleted` मध्ये ३० दिवस सापडतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवला असेल, तर त्या माणसाच्या गॅलरीत बघायला सांगा. शिवाय अँड्रॉइडवर तुमच्याच फोनमध्ये `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images/Sent` या फोल्डरमध्ये पाठवलेली प्रत पडून असू शकते. ती जरा कमी स्पष्ट असते, पण अक्षर लागतं. मीटिंगहून निघताना आणखी कुणी फोटो काढला होता का, कुणी ऑनलाइन जोडलेलं होतं आणि त्याने स्क्रीनशॉट घेतला का, एवढं विचारून घ्या.

आणि बोर्डाजवळ स्वतः जाऊन बघा. नुसत्या कोरड्या डस्टरने पुसलेल्या बोर्डावर फिकट खुणा बऱ्याचदा राहतात, विशेषतः मजकूर रात्रभर तसाच होता तर. खोलीतले दिवे बंद करून एका बाजूने टॉर्च धरा, समोरून फोटो काढा आणि कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. सफाईवाल्या मावशींना तोवर स्पिरिट मारू नका म्हणून सांगा. पूर्ण वाक्य मिळणार नाही, पण कुठे चौकट होती, कुठे बाण होता, कुठे '२४' असा आकडा होता एवढं मिळालं तरी पुढे फार उपयोगी पडतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला बोर्ड परत मिळवायचा नाहीये. सात माणसांनी एकमेकांना दिलेले शब्द परत मिळवायचे आहेत. बोर्डावर दहा ओळींतल्या चार ओळी चर्चेच्या होत्या, त्या गेल्या तरी काही अडत नाही. 'कोण' आणि 'कधी' चुकलं, तर मात्र अडतं. म्हणून पुढची सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे: जे लेखी सापडलं, जे कुणीतरी आठवून सांगितलं आणि जे तुम्ही तर्काने भरलं, या तीन गोष्टी शेवटपर्यंत वेगळ्या दिसल्या पाहिजेत. यादी सुबक दिसावी म्हणून रिकामी जागा अंदाजाने भरली, की ती दोन दिवसांत 'ठरलेली' होऊन बसते आणि मग कुणालाच कळत नाही की ती कधी ठरलीच नव्हती.

सगळ्यांना ग्रुपवर 'काय काय ठरलं होतं, आठवतंय का?' असं विचारू नका. पहिला माणूस जे लिहील त्यालाच बाकीचे हो म्हणतात. त्यातून तो पहिला माणूस प्लँट हेड असेल, तर विषयच संपला. लोक एकत्र बसून आठवतात तेव्हा, तीच माणसं वेगवेगळी आठवून सांगतील त्या बेरजेपेक्षा कमी आठवतात. हे स्मरणावरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणून आधी प्रत्येकाला वेगळं गाठा, आणि होईल तितकं पहिल्या ४८ तासांत. त्यानंतर मीटिंगमधलं बोलणं आणि नंतर चहाच्या टेबलावर झालेलं बोलणं डोक्यात एक होऊन जातं.

विचारलं तर बरं दिसेल का, याबद्दल: सरळ सांगा. 'साहेब, बोर्डचा फोटो राहिला नाही. तुमच्याकडून पाच मिनिटं हवी आहेत, म्हणजे यादी तुमच्या नावापुढे चुकीचं काही न येता पाठवता येईल.' यात वाईट दिसण्यासारखं काही नाही. उलट ज्याच्या नावावर काम आहे, त्याला स्वतःलाच ते नीट लिहिलं जावं असं वाटत असतं.

त्या पाच मिनिटांत कोरा कागद पुढे ठेवा आणि बोर्ड काढायला सांगा. शब्द नकोत, आधी जागा: डावीकडे वर काय होतं, मधे काय, लाल मार्करने काय लिहिलं होतं, मार्कर कुणाच्या हातात होता. जागा आठवली की मजकूर मागोमाग येतो. मग विचारा, तुमच्या नावापुढे काय होतं? मग, इतरांच्या नावापुढे काय होतं? आणि शेवटी, खोडून बदललेलं काही होतं का? हा शेवटचा प्रश्न कधीही सोडू नका. ज्या तारखेवर वाद झाला ती तारीख लोकांच्या डोक्यात पक्की बसते, वाद मिटून जी ठरली ती नाही. खोडलेली तारीख यादीत परत येण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

तुम्ही स्वतः काही सुचवू नका. 'फ्लोअरचं काम २४ लाच होतं ना?' असं विचारलंत तर उत्तर 'हो' येणार आणि ते 'हो' कवडीमोलाचं असणार. आणि तुमची स्वतःची आठवण इतरांना भेटण्याआधी लिहून बाजूला ठेवा. तीही सातातली एकच आहे.

यासोबत कागदी खुणा गोळा करा. मीटिंगनंतरच्या दोन दिवसांत लोकांनी जे केलं, त्यात ठरलेल्या गोष्टी उमटलेल्या असतात: कॅलेंडरचं आमंत्रण, ठेकेदाराला पाठवलेला मेल, ईआरपीमधली पर्चेस रिक्विझिशन, कुणाच्या डायरीतली एक ओळ. या खुणा आठवणीपेक्षा भरवशाच्या आहेत, पण त्याही डोळे मिटून घेऊ नयेत. रिक्विझिशनमधल्या 'आवश्यक तारीख' या रकान्यात बरेच जण हातचे दोन-तीन दिवस राखून तारीख टाकतात. म्हणजे ती बोर्डावरचीच तारीख असेल असं नाही. टाकणाऱ्याला एक फोन करून विचारायचं.

हे प्रत्यक्षात कसं उलगडतं ते एका उदाहरणावर दाखवतो. भोसरीतलं एक मशिन शॉप, २०२५ चं दिवाळी शटडाउन. मीटिंग सोमवारी २२ सप्टेंबरला झाली, बुधवारी सकाळी फोटो नाही हे लक्षात आलं आणि यादी जुळवायचं काम माझ्याकडे आलं. लाइन शनिवारी १८ ऑक्टोबरला पहिल्या पाळीनंतर थांबणार आणि सोमवारी २७ ला पुन्हा सुरू होणार, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. माणसांची नावं इथे देत नाही, हुद्दे लिहितो. खऱ्या यादीत मात्र हुद्दा किंवा खातं चालत नाही, तिथे एका माणसाचंच नाव लागतं.

सातही जणांनी सांगितलेलं मी एका तक्त्यात मांडलं: उभी रांग कामांची, आडवी माणसांची. ज्याने काम सांगितलं त्याच्या घरात त्याने सांगितलेली तारीख, आणि ते काम 'माझं' म्हणाला की 'अमक्याचं' म्हणाला, हे. एवढ्या साध्या तक्त्यात तीन गोष्टी लगेच दिसल्या.

पहिली, '२४'. तिघांनी सांगितलं की बे दोनचं इपॉक्सी फ्लोअरिंग २४ ऑक्टोबरपर्यंत. प्रॉडक्शन इंजिनिअर एकटाच २० म्हणत होता. मतं मोजली असती तर २४ जिंकली असती. पण इपॉक्सीच्या वरच्या थरावर साधारण २४ तासांनी पायी चालता येतं, आणि तो पूर्ण पक्का व्हायला, म्हणजे फोर्कलिफ्टचा भार सोसायला, नेहमीच्या मालाला सुमारे सात दिवस धरतात. २७ ला सकाळी फोर्कलिफ्ट आत यायची असेल तर शेवटचा थर २० ला पडलाच पाहिजे. शिवाय २१ ला लक्ष्मीपूजन, ठेकेदाराची पोरं २० च्या संध्याकाळनंतर थांबणारच नव्हती. म्हणजे हिशेबाने २० बरोबर वाटत होती.

तरीही मी तिथे २० लिहिलं नाही. हिशेबाने एवढंच सिद्ध होतं की २४ चालणार नाही. २० ठरली होती हे सिद्ध होत नाही. कदाचित मीटिंगमध्ये कुणाच्या लक्षातच आलं नसेल आणि खरंच २४ लिहिली गेली असेल. मग तिघांनी काढलेली बोर्डाची चित्रं शेजारी शेजारी ठेवली. तिघांच्याही चित्रात '२४' उजव्या कोपऱ्यात, चौकटीत होता. आणि मेंटेनन्स फोरमनच्या चित्रात त्याच कोपऱ्यात 'क्रेन लोड टेस्ट' होतं. क्रेनचा वायर रोप बदलल्यावर सक्षम व्यक्तीकडून लोड टेस्ट करून प्रमाणपत्र घ्यायचं होतं. त्याने तपासनिसाला मंगळवारी पाठवलेल्या मेलमध्ये तारीख सापडली: शुक्रवार, २४ ऑक्टोबर. म्हणजे २४ खरीच होती, फक्त दुसऱ्या कामाची. फ्लोअरच्या ओळीत 'मुदत: २० ऑक्टो., एकाची आठवण, हिशेबाशी जुळते' असं लिहून ती पुढे खात्रीसाठी ठेवली.

आठवणीत आकडे असेच सरकतात. आकडा आठवतो आणि तो शेजारच्या कामाला चिकटतो. म्हणून तारखेवर मतभेद झाला की 'कोण बरोबर' याआधी 'ही तारीख आणखी कशाची असू शकते' हे बघा.

दुसरी गोष्ट, क्रियापद नसलेली तारीख. वायर रोपपुढे '१० ऑक्टो.' होतं हे चौघांना आठवत होतं. रिक्विझिशनमध्येही १० च होती. एकमत झालं म्हणून मी पुढे जाणार होतो, पण थांबलो आणि पर्चेस व फोरमन या दोघांना वेगळं विचारलं: १० ला नेमकं काय व्हायचं? पर्चेसवाले म्हणाले, ऑर्डर निघायची. फोरमन म्हणाला, रोप स्टोअरमध्ये यायचा. दोन्हींत आठवड्याहून जास्त अंतर आहे, आणि १० ला नुसती ऑर्डर निघाली असती तर १९ ला क्रेनवर चढवायला रोप आलाच नसता. बोर्डावर 'वायर रोप – १०' एवढंच लिहिलेलं असणार, म्हणजे फोटो सापडला असता तरी हा घोळ त्यात तसाच होता. यादीत प्रत्येक मुदतीपुढे काय झालेलं दिसलं पाहिजे ते लिहा: 'स्टोअरमध्ये जमा', 'ऑर्डर पाठवली', 'प्रमाणपत्र हातात'.

याच जातीची आणखी एक मुदत होती: 'दसऱ्याआधी'. ग्राहकासाठी जादा साठा करण्याचा प्लॅन दसऱ्याआधी द्यायचा होता. दसरा गुरुवारी २ ऑक्टोबरला. आदल्या दिवशी खंडेनवमीची यंत्रपूजा, तेव्हा दुपारनंतर शॉपमध्ये कुणी कागदाला हात लावत नाही. कुणी १ धरतो, कुणी ३०. अशी मुदत यादीत आली की तिला तारीख आणि वार द्या आणि 'मूळ शब्द: दसऱ्याआधी' असं शेजारी राहू द्या, म्हणजे तुम्ही केलेला अर्थ लपत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती केवळ वेगवेगळं विचारल्यामुळे सापडते. ठेकेदारांच्या मजुरांचे गेट पास आणि त्यांची ईएसआयसीची कागदपत्रं हे काम पाच जणांनी सांगितलं. पाचही जणांनी ते 'दुसऱ्याचं' म्हणून सांगितलं. 'माझं' असं एकानेही म्हटलं नाही. तक्त्यात अशी ओळ दिसली की समजा, काम अनाथ आहे. चौकशी केली तर बोर्डावर त्यापुढे 'एचआर' लिहिलं होतं, आणि एचआरचं कुणी मीटिंगला नव्हतंच. त्यांना माहीतच नव्हतं. हे सुटलं असतं तर १८ च्या संध्याकाळी फ्लोअर घासायला आलेले मजूर गेटवर उभे राहिले असते आणि तिथून पुढचं सगळं वेळापत्रक सरकलं असतं. जो मीटिंगला नव्हता त्याच्या नावावर काम आहे असं दिसलं, तर त्याने होकार दिल्याशिवाय त्याला मालक धरू नका.

एवढं झाल्यावर यादी लिहायला घेतली. बोर्डावर होती त्या क्रमाने लिहू नका. बोर्ड जसं बोलणं झालं तसा भरत जातो, त्याला क्रम नसतो. कामाच्या गटाने लिहा आणि गटात आधी जे व्हायला हवं ते वर. दोन गट नमुन्यादाखल:

१. क्रेन, बे एक
- १.१ वायर रोप स्टोअरमध्ये जमा. मालक: पर्चेस एक्झिक्युटिव्ह. मुदत: शुक्र. १० ऑक्टो. आधार: रिक्विझिशन + चौघे. बाकी: 'जमा' की 'ऑर्डर', दोघांत मतभेद.
- १.२ रोप बदलून क्रेन तयार. मालक: मेंटेनन्स फोरमन. मुदत: गुरु. २३ ऑक्टो. आधार: अंदाज, १.३ वरून मागे मोजून.
- १.३ लोड टेस्ट होऊन प्रमाणपत्र हातात. मालक: मेंटेनन्स फोरमन. मुदत: शुक्र. २४ ऑक्टो. आधार: लेखी, मेल.

२. फ्लोअरिंग, बे दोन
- २.१ मजुरांचे गेट पास तयार. मालक: ठरायचा, एचआरचा होकार नाही. मुदत: ठरायची, १८ ऑक्टो. च्या आधी.
- २.२ घासणं १८ ला, प्राइमर १९ ला, वरचा थर पूर्ण. मालक: प्रॉडक्शन इंजिनिअर. मुदत: सोम. २० ऑक्टो. आधार: एकाची आठवण + हिशेब.

आधारासाठी चार शब्द पुरतात: लेखी, दोघांहून जास्त, एकाची आठवण, अंदाज. टक्केवारी वगैरे नको. वाचणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की कुठली ओळ दगडावरची आणि कुठली अजून ओली आहे. आणि मालक एकच. 'मेंटेनन्स + पर्चेस' असं लिहिलेलं काम कुणाचंच नसतं. मदत करणाऱ्यांची नावं हवी तर वेगळी लिहा.

आता खात्री. यादी ग्रुपवर टाकून 'कृपया तपासा' म्हणू नका. सात अंगठे येतील आणि एकानेही वाचलेली नसेल. प्रत्येकाला फक्त त्याच्या ओळी, वेगळ्या पाठवा, आणि जिथे शंका आहे तिथे तारीख तुम्ही न लिहिता त्याच्याकडून लिहून घ्या. फोरमनला गेलेला मेसेज असा होता:

'दादा, २२ तारखेच्या मीटिंगमधली तुमची कामं. लोड टेस्ट आणि प्रमाणपत्र, शुक्रवार २४ ऑक्टो. हे बरोबर आहे का? रोप बदलून क्रेन तयार कधीपर्यंत, ती तारीख बोर्डावर नक्की काय होती ते मला सापडलेलं नाही. तुम्ही लिहून पाठवा. वायर रोपची १० ही तारीख माल येण्याची की ऑर्डरची, तेही सांगा. आणि यातलं एखादं काम तुमचं नसेल तर तेही कळवा.'

ज्याला तारीख टाइप करावी लागते तो विचार करतो. फोरमनने २३ ऐवजी २२ लिहून पाठवली, कारण टेस्टच्या आधी क्रेन रिकामी चालवून बघायला त्याला एक दिवस हवा होता. माझा अंदाज एका दिवसाने चुकलेला होता, आणि 'अंदाज' असं लिहिलेलं असल्यामुळेच त्याने तो बिनदिक्कत बदलला. उत्तर आलं नाही तर तो होकार धरायचा नाही, ओळ तशीच 'बाकी' ठेवायची आणि फोन करायचा.

यातूनही जे सुटत नाही त्यासाठी पंधरा मिनिटं पुरतात, आणि सातही जण लागत नाहीत. आमच्याकडे वायर रोपसाठी पर्चेस आणि फोरमन, गेट पाससाठी एचआर, आणि फ्लोअरच्या तारखेसाठी प्रॉडक्शन इंजिनिअर, एवढेच गुरुवारी सकाळी प्लँट हेडच्या केबिनमध्ये उभ्याउभ्या भेटले. तिथे 'तेव्हा काय ठरलं होतं' यावर दोन मिनिटांहून जास्त घालवू नका. आठवत नसेल तर आज ठरवा. फक्त ते आजचा निर्णय म्हणून लिहा: 'गेट पास: एचआर एक्झिक्युटिव्ह, मंगळ. १४ ऑक्टो., निर्णय २५ सप्टें.' सोमवारी ठरलं होतं असं दाखवायला जाऊ नका. पुढे कुणी विचारलं की एचआरला उशिरा का कळलं, तर उत्तर त्या तारखेतच असतं.

त्याच कारणासाठी यादीच्या डोक्यावर एक ओळ हवी: 'मीटिंग २२ सप्टें. बोर्डचा फोटो उपलब्ध नाही. उपस्थितांशी बोलून आणि मेल, रिक्विझिशनवरून २४–२५ सप्टें. ला जुळवली. आवृत्ती १.' ऑडिटमध्ये मीटिंगच्या नोंदी मागितल्या तर हीच यादी या ओळीसकट द्या. नवा बोर्ड लिहून त्याचा फोटो काढून मागच्या तारखेचा म्हणून लावणं हा प्रकार मी लोकांना करताना पाहिलेला आहे. त्यातली एक तारीख जरी मेलशी जुळली नाही, तरी ऑडिटर बाकीच्या खऱ्या नोंदींवरही विश्वास ठेवत नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. कामं, नावं, तारखा एवढं यातून परत येतं. बोर्डावर मोजमापं असतील, म्हणजे टॉर्कचा आकडा, केबलचा साइज, रंगाचा कोड, तर ती आठवणीतून घेऊ नका, चौघांचं एकमत झालं तरी. ती ड्रॉइंगमधून, मॅन्युअलमधून किंवा पुन्हा मोजूनच घ्यायची, आणि तोवर यादीत ती जागा रिकामी ठेवायची.

शेवटी, 'अंदाज' आणि 'बाकी' असलेल्या ओळींना स्वतःची मुदत द्या. आमच्याकडे ती शनिवार, २७ सप्टेंबर होती. तोपर्यंत गेट पासला मालक मिळाला होता, फ्लोअरची २० पक्की झाली होती आणि वायर रोपपुढे 'स्टोअरमध्ये जमा' हे शब्द पर्चेसने स्वतः लिहून पाठवले होते. एक ओळ राहिली, कूलंट टाकी साफ करण्याची. ती एकट्या स्टोअर इन्चार्जला आठवत होती आणि मशिनवाल्यांनी विचारल्यावर सांगितलं की टाक्या ऑगस्टमध्येच झाल्यात. ती यादीतून काढली आणि काढल्याची नोंद आवृत्ती २ मध्ये केली.